जोड न दिसणारी नक्षी: प्रॉम्प्टपासून खोक्यावरच्या स्लीव्हपर्यंत

चित्र बनवणाऱ्या एआय साधनाकडून भेटवस्तूच्या कागदाची नक्षी काढून घ्यायची म्हटलं की पहिला प्रॉम्प्ट बहुतेकांचा सारखाच असतो: फुलांचा सुंदर रॅपिंग पेपर. मीही तोच लिहिला होता. पडद्यावर आली ती कागदाची गुंडाळी, तिला बांधलेली रिबन, एक दुमडलेला कोपरा आणि त्याखाली मऊ सावली. कागद मागितला आणि कागदाचा फोटो मिळाला. यात साधनाचं काही चुकलं नव्हतं. त्या शब्दांच्या जोडीने त्याने पाहिलेली चित्रं बहुतेक अशीच असणार.

म्हणून प्रॉम्प्टमध्ये वस्तूचं नाव घ्यायचं नाही, फक्त पृष्ठभागाचं वर्णन करायचं. गिफ्ट, रॅपिंग, पॅकेजिंग, स्लीव्ह, बॉक्स हे शब्द गाळा. ‘टाइल’ हा शब्दही जपून वापरा, नाहीतर भिंतीला लावायच्या फरशा आणि त्यांच्यामधल्या सिमेंटच्या रेघा हमखास येतात. आपल्याला हवी आहे एक सपाट रंगवलेली पाटी, जी शेजारी शेजारी मांडत गेलं की सगळा कागद भरतो. ती कशावर चढणार हे फक्त आपल्याला माहीत असलं की पुरे.

दुसरा भाबडा विश्वास ‘सीमलेस’ या शब्दावर असतो. हा शब्द लिहिल्याने चित्राचा तोंडवळा नक्षीसारखा होतो, बुट्ट्या सगळीकडे पसरतात, मधोमध एकच मोठं फूल येत नाही. तेवढा त्याचा उपयोग आहे. पण डावी कड उजव्या कडेशी आणि वरची खालच्या कडेशी जुळते का, हे त्या शब्दामुळे कोणी तपासत नाही. चित्र जुळल्यासारखं दिसतं आणि शेजारी शेजारी मांडलं की पानं मधूनच कापलेली निघतात.

खरोखर कडा जुळवण्याची सोय काही साधनांत वेगळी दिलेली असते. मिडजर्नीत प्रॉम्प्टच्या शेवटी `--tile` लिहितात. स्टेबल डिफ्यूजनच्या काही आवृत्त्यांत `Tiling` नावाचा पर्याय असतो. त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एरवी चित्र तयार होताना कडेच्या पलीकडे साधनाला काहीच नसतं, पोकळी असते. हा पर्याय चालू केला की उजव्या कडेपलीकडे त्याला डावी कड दिसते आणि खालच्या कडेपलीकडे वरची. म्हणजे चित्र जणू नळीवर गुंडाळून रंगवलं जातं, त्यामुळे जोड तयारच होत नाही. तुमच्याकडे ही सोय असेल तर जरूर वापरा आणि खाली तपासणीचा भाग आहे तिथून पुढे वाचा. नसेल, आणि गप्पा मारत चित्र काढून देणाऱ्या बऱ्याच साधनांत ती नसते, तर पुढची वाट धरा. ती थोडी हाताने चालायची आहे, पण कुठल्याही साधनाबरोबर चालते.

कडा रिकाम्या ठेवायच्या

जोड दिसतो कारण कडेवर काहीतरी असतं आणि ते पलीकडच्या कडेवर पुढे चालू राहत नाही. मग कडेवर काही नसेलच तर? सगळीकडे एकाच सपाट रंगाची जमीन, तिच्यावर सुट्या बुट्ट्या आणि चारही कडांजवळ नुसती जमीन. (कापडावर नक्षीमागच्या रंगाला जमीन म्हणतात. इथेही तोच शब्द सोयीचा आहे.) अशा दोन पाट्या शेजारी ठेवल्या तर रंगाला रंग भिडतो आणि रेघ उमटत नाही.

अर्थात त्यामुळे नवी अडचण उभी राहते. बुट्ट्यांच्या झुबक्यांमध्ये रिकाम्या गल्ल्या पडतात आणि कागदभर जाळी दिसू लागते. ती नंतर बुजवायची आहे. आधी प्रॉम्प्ट पाहू. तो इंग्रजीत देतो आहे, कारण नक्षीकामाच्या शब्दांवर बरीच साधनं इंग्रजीत अधिक नेमकी चालतात.

```
Flat surface pattern: scattered leaves, white blossoms
and short twigs in three sizes, evenly spaced, turned
in all directions. Every motif whole and separate.
Solid uniform dark green ground, plain green space
near all four edges. Flat gouache colour, even light.
```

यातले तीन तुकडे काढले तर बाकीचा प्रॉम्प्ट लंगडा पडतो. पहिला, तीन आकारांत बुट्ट्या. सगळ्या सारख्या असल्या की नक्षी शाळेच्या रांगेसारखी दिसते, आणि आकार मोकाट सोडले की एखादं फूल इतरांच्या दुप्पट होतं. ते एकटं फूल पुढे मोठा त्रास देतं, त्याविषयी खाली येईलच. दुसरा, बुट्ट्या सगळ्या दिशांना वळलेल्या. भेटवस्तूचा कागद खोक्याच्या सहाही बाजूंवर दुमडला जातो. सगळी फुलं वर तोंड करून असली तर दोन-तीन बाजूंवर ती उलटी किंवा आडवी दिसणार. स्लीव्हला, म्हणजे खोक्याभोवती सरकवून चढवायच्या पट्टीला, वर-खाली ठरलेलं असतं, तिथे एकदिशा नक्षी चालते. तरीही सगळ्या दिशांची नक्षी जोड लपवायला सोपी जाते. तिसरा तुकडा एकसारख्या उजेडाचा. साधनांना चित्राचे कोपरे किंचित काळवंडायची खोड असते. एकट्या चित्रात ते छान दिसतं. सोळा वेळा मांडलं की प्रत्येक पाटीभोवती मळकट चौकट उभी राहते.

नकार मुख्य प्रॉम्प्टमध्ये शक्यतो लिहू नका. ‘बॉर्डर नको’ असं लिहिलं की कित्येकदा बॉर्डरच येते, कारण साधन ‘बॉर्डर’ धरतं आणि ‘नको’ सोडून देतं. नकोशा गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल, किंवा मिडजर्नीसारखं `--no` असेल, तर तिथे सावली, चौकट, ग्रेडियंट ही नावं टाका.

चार-सहा चित्रं काढून घ्या आणि सर्वांत सुंदर नव्हे, तर सर्वांत कंटाळवाणं चित्र निवडा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. एकेकटं पाहताना डोळा ज्या चित्रावर थबकतो, ते मांडल्यावर नेमकं तिथेच थबकत राहतं.

निवडलेल्या चित्राचे चार कोपरे कलर पिकरने तपासा. जमीन एकरंगी दिसत असली तरी आकडे बहुधा थोडे वेगळे निघतात. चित्र संपादनाच्या साधनात जमीन रंगानुसार निवडून तिच्यात एकच रंग ओतून टाका. बुट्ट्यांच्या कडांना जुन्या रंगाची बारीक किनार उरते का, ते मोठं करून पाहा. उरत असेल तर निवड एक-दोन पिक्सेलने वाढवा.

चित्र फिरवायचं आणि मधली गल्ली भरायची

समजा चित्र 1024 बाय 1024 पिक्सेलचं आहे. आता ते अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवायचं, आणि जे एका कडेबाहेर जाईल ते समोरच्या कडेने आत आणायचं. फोटोशॉपमध्ये हे `Filter > Other > Offset` मध्ये आहे, गिम्पमध्ये `Layer > Transform > Offset` मध्ये. दोन्हीकडे `Wrap around` निवडलेलं असायला हवं. इमेजमॅजिक हे आज्ञा लिहून चालवायचं साधन वापरत असाल तर एका ओळीचं काम आहे:

```
magick tile.png -roll +512+512 roll.png
```

आता चित्राकडे नीट पाहा. आधी कडेला असलेली रिकामी जागा मधोमध आली आहे, अधिकच्या खुणेसारखी. आणि बाहेरच्या कडांवर काही बुट्ट्या कापल्या गेल्या आहेत. त्या पाहून घाबरायचं नाही. ती कात्री मूळ चित्राच्या मधोमध चालली आहे, त्यामुळे अर्धं पान डावीकडे असेल तर त्याचा उरलेला अर्धा भाग उजवीकडे बरोबर त्याच उंचीवर आहे. बाहेरच्या कडा आता आपोआप जुळलेल्या आहेत. इथून पुढे त्यांना हात लावायचा नाही, एवढं एकच पथ्य.

मधल्या रिकाम्या फुलीवर मास्क काढा आणि साधनाला फक्त तेवढाच भाग पुन्हा रंगवायला सांगा. फुली साधारण 160 पिक्सेल रुंद असेल, तर मास्क 220 पर्यंत घ्या, म्हणजे नव्या बुट्ट्यांना शेजारच्यांशी अंतर राखायला जागा मिळते. मास्कची कड एखाद्या बुट्टीच्या मधून जाऊ देऊ नका. बुट्टी एकतर सगळी मास्कमध्ये घ्या, नाहीतर सगळी बाहेर ठेवा. प्रॉम्प्ट छोटा द्या: त्याच पानाफुलांच्या सुट्या बुट्ट्या, त्याच आकाराच्या, त्याच हिरव्या जमिनीवर. पहिला लांब प्रॉम्प्ट पुन्हा दिला तर साधन त्या चिंचोळ्या फुलीत अख्खी नक्षी लहान करून कोंबायला बघतं.

आता ते पथ्य. फुलीची चार टोकं बाहेरच्या कडांना भिडतात. मास्क तिथपर्यंत नेला तर वरच्या टोकाशी एक पान येईल, खालच्या टोकाशी दुसरंच, आणि जुळलेली कड पुन्हा तुटेल. म्हणून मास्क चारही बाजूंना कडेच्या 40 पिक्सेल आधी थांबवा. उरलेली टोकं नुसती सपाट जमीन आहेत, त्यामुळे तिथे रेघ पडत नाही. फार तर एक छोटी मोकळी जागा राहते, आणि ती खटकत नसेल तर तशीच सोडा. खटकत असेल तर भरलेलं चित्र फक्त उभं सरकवा, म्हणजे `-roll +0+512`. वर-खालची दोन टोकं एकत्र येऊन मधोमध दिसतील, तिथे एक बुट्टी भरा. मग तेच चित्र पुन्हा `-roll +512+512` ने सरकवलं की डावी-उजवी टोकं मध्यभागी येतात, तीही भरा. जमीन सपाट नसून जलरंगासारखी डागाळलेली असेल तर मात्र या दोन फेऱ्या टाळता येत नाहीत, कारण तिथे टोकांवर खरोखरच जोड शिल्लक असतो. पहिल्या खेपेला सपाट जमीन घ्या असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

एक सापळा इथे लपलेला आहे. काही साधनं मास्क दिला तरी पूर्ण चित्र नव्याने काढतात, आणि बाहेरचा भाग ‘जवळजवळ’ तसाच ठेवतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण कड दोन-तीन पिक्सेलने हलते आणि जोड पुन्हा उमटतो. त्यामुळे मिळालेलं चित्र जसंच्या तसं पुढे नेऊ नका. मूळ चित्र खालच्या लेअरवर ठेवा, नवं त्याच्यावर, आणि नव्यातला फक्त मास्कचा भाग उरवून बाकीचं पुसा. एवढं केलं की कडा मूळच्याच राहतात.

तपासणी: रेघ वेगळी, जाळी वेगळी

भरून झालेली पाटी `tile.png` या नावाने जतन करा आणि चार आडव्या, चार उभ्या अशा सोळा पाट्यांचं एक चित्र बनवा:

```
magick -size 4096x4096 tile:tile.png test.png
```

आधी पूर्ण मोठं करून 1024, 2048 आणि 3072 या ठिकाणांवरून उभी-आडवी नजर फिरवा. कापलेलं पान, रंगात अचानक पडलेली पायरी, केसाएवढी फिकट रेघ, हे सगळे जोडाचे दोष. ते दिसले तर कड कुठेतरी हलली आहे. मागच्या पायरीवर जाऊन मूळ कडा परत आणा. फाइल मध्ये कुठे जेपीजीमध्ये जतन केली होती का, तेही आठवा. जेपीजी चित्राचे छोटे चौकोन करून दाबतं आणि त्यामुळे सपाट जमिनीतही कडेला बारीक कचरा येतो. हे काम संपेपर्यंत पीएनजीच वापरा.

मग चित्र अंगठ्याएवढं लहान करा, डोळे बारीक करा आणि पाहा. आता जो दोष दिसेल त्याचा कडांशी काही संबंध नसतो. जोड निर्दोष असूनही नक्षीत रांगा दिसतात, कारण पाटीतली एक बुट्टी इतरांहून मोठी, उजळ किंवा एकटी आहे आणि ती ठरावीक अंतराने परत परत येते. नवखे लोक अशा वेळी कडांवर पुन्हा पुन्हा मेहनत घेत बसतात. खरं काम आतमध्ये असतं: ती बुट्टी मास्क करून लहान करून घ्या, किंवा तिच्यासारखी दुसरी एक पाटीच्या तिरप्या टोकाला भरा. एखादा मोकळा पट्टाही अशीच रांग तयार करतो. मोकळी जागादेखील डोळ्याला आकृतीच वाटते.

जाळी तरीही जात नसेल तर एक हुकमी उपाय आहे. तयार पाटीची प्रत घ्या, तिच्या चारही कडांवरचा पट्टा आणि कडेवर कापलेल्या बुट्ट्या जशाच्या तशा ठेवा, आणि आतला सगळा भाग पुन्हा रंगवून घ्या. आता तुमच्याकडे पहिली आणि दुसरी अशा दोन पाट्या झाल्या. दोघींच्या कडा एकच आहेत, त्यामुळे त्या कशाही शेजारी ठेवल्या तरी जुळतात. बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटून पालटून मांडल्या की ओळीतून पाहताना तीच बुट्टी दुप्पट अंतराने परत येते आणि रांग मोडते.

जाळी मोडायला पाटी अर्ध्या उंचीने खाली सरकवून मांडा असा सल्लाही ऐकायला मिळतो. कापडाच्या नक्षीत ती पद्धत आहेच. पण आपली पाटी सरळ मांडणीसाठी जुळवलेली आहे. शेजारची पाटी अर्धी खाली सरकली की उजव्या कडेवरचं अर्धं पान दुसऱ्याच उंचीवरच्या डाव्या कडेला जाऊन भिडतं. छपाईवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवायला सांगा.

मापं: एक स्लीव्ह शेवटपर्यंत

सपाट कागदाला माप फारसं अडवत नाही. कागद कुठेही कापला तरी नक्षी चालते. स्लीव्ह मात्र खोक्याला वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळते, त्यामुळे पूर्ण वळशात पाट्या पूर्णांकातच बसल्या पाहिजेत. तीन पाट्या आणि एक तुकडा असं झालं तर चिकटवलेल्या जागी जोड दिसणारच, मग पाटी कितीही निर्दोष असो.

आपलं खोकं 12 सेंटिमीटर रुंद आणि 6 सेंटिमीटर जाड आहे असं धरू. हिशेबाने वळसा होतो 12 अधिक 6 अधिक 12 अधिक 6, म्हणजे 36 सेंटिमीटर. मी एकदा याच हिशेबावर फाइल दिली होती आणि स्लीव्ह खोक्यावर चढलीच नाही. पुठ्ठ्याची जाडी आणि घडीचा वळसा मी धरलाच नव्हता. म्हणून ज्या कागदावर छापायचं त्याच कागदाची पट्टी खोक्याभोवती गुंडाळा, सरकवण्याइतकी सैल ठेवा, खूण करा आणि उलगडून मोजा. समजा ते माप 36.4 सेंटिमीटर निघालं. चार पाट्या बसवायच्या तर एक पाटी 9.1 सेंटिमीटरची. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरले तर 9.1 भागिले 2.54 गुणिले 300, म्हणजे 1075 पिक्सेल. आपली पाटी 1024 ची आहे, तेव्हा ती फक्त पाच टक्क्यांनी मोठी करायची. एवढ्याने चित्र फाटत नाही.

मोठी करतानाही एक काळजी घ्यावी लागते. एकटी पाटी मोठी केली की कडेवरच्या पिक्सेलना पलीकडचे शेजारी मिळत नाहीत आणि तिथे बारीकसा फरक पडतो. एआयवर चालणाऱ्या अपस्केलरमध्ये तर तो सहज दिसतो, कारण ते कडेला नवे तपशील स्वतःच्या मनाने भरतात. `Tiling` वापरून काढलेली निर्दोष पाटीही इथेच बिघडते. उपाय एकच: आधी नऊ पाट्या मांडा, मग सगळं मोठं करा आणि मधली पाटी कापून घ्या.

```
magick -size 3072x3072 tile:tile.png -resize 3225x3225 \
  -crop 1075x1075+1075+1075 +repage tile1075.png
```

अपस्केलर वापरायचा असेल तरी क्रम हाच: नऊ, मोठं करणं, मधली.

आता स्लीव्हचं पान. उंची 10 सेंटिमीटर आहे असं धरू. कापताना सुरी इकडेतिकडे होते, म्हणून चारही बाजूंना 3 मिलिमीटर नक्षी जास्त ठेवायची. म्हणजे रुंदी 37 सेंटिमीटर आणि उंची 10.6 सेंटिमीटर, पिक्सेलमध्ये 4370 आणि 1252. उंचीत पाट्या पूर्ण बसत नाहीत, आणि बसायची गरजही नाही, कारण वरची आणि खालची कड कधी एकमेकींना भेटत नाही.

```
magick -size 4370x1252 tile:tile1075.png \
  -units PixelsPerInch -density 300 sleeve.png
```

चिकटवायची पट्टी याच्या बाहेर वेगळी असते, साधारण दीड सेंटिमीटर. तिच्यावर नक्षी पसरवू नका, कोरा कागद गोंद अधिक चांगला धरतो. उजवीकडे जास्त ठेवलेली 3 मिलिमीटर नक्षी तेवढी तिच्यावर गेली की पुरे. चिकटवताना हात किंचित चुकला तरी पांढरी फट दिसत नाही.

पान असं एकच सलग चित्र म्हणून द्या. पीडीएफमध्ये सुट्या पाट्या शेजारी ठेवून दिल्या तर पडद्यावर आणि कधी कधी छपाईतही त्यांच्यामध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात. तो पाटीचा दोष नसतो, दाखवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याची कड वेगळी गुळगुळीत करतं म्हणून तसं होतं. पण छपाईवाला फोन तुम्हालाच करणार.

शेवटी साध्या प्रिंटरवर, साध्या कागदावर, शंभर टक्के आकारात एक प्रत काढा. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद आहे ना, ते पाहा. घरगुती प्रिंटरच्या कागदावर 37 सेंटिमीटर मावणार नाहीत, तेव्हा दोन तुकड्यांत छापून चिकटवा. पट्टी खोक्यावर चढवा आणि बुट्ट्यांचा आकार पाहा. पाटीच्या चौथ्या भागाएवढी बुट्टी इथे सव्वादोन सेंटिमीटरची होते. 12 सेंटिमीटरच्या बाजूवर ती शोभते, 6 सेंटिमीटरच्या बाजूवर जेमतेम अडीच मावतात. मोठी वाटत असेल तर वळशात चारऐवजी सहा पाट्या धरा. पाटी मग 6.07 सेंटिमीटरची, म्हणजे 717 पिक्सेलची होईल. वरच्या आज्ञेत 3225 च्या जागी 2151 आणि 1075 च्या जागी सगळीकडे 717 येईल. नंतर चिकटवलेली बाजू तुमच्याकडे करा आणि तिथलं एक पान शोधा, जे घडीच्या अलीकडे सुरू होतं आणि पलीकडे संपतं.